पर्याय खोडायचे, पण कुठले आणि कधी?

तीन वर्षं आपण कॉलेजात 'सविस्तर उत्तरे लिहा' आणि 'टिपा लिहा (कोणत्याही दोन)' यावर पास होतो. मग एके दिवशी सीयूईटी-पीजीचा फॉर्म भरतो, नेटचा भरतो, कुणी यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला बसतं. तिथे समोर एक वाक्य आणि चार पर्याय येतात. विषय तोच असतो, परीक्षेची जात मात्र वेगळी. या जातीचे स्वतःचे नियम असतात आणि ते आपल्याला कुठल्याच लेक्चरला कुणी सांगितलेले नसतात. क्लासेस सांगतात, पण 'ट्रिक्स' या नावाखाली आणि फी घेऊन. त्या ट्रिक्समधल्या निम्म्या चालतात आणि निम्म्या बुडवतात. कुठल्या कोणत्या, हे कळण्यासाठी पेपर कसा बनतो हे आधी बघावं लागतं.

जुन्या प्रश्नपत्रिका सगळेच सोडवतात. माझं म्हणणं असं की पहिल्यांदा त्या सोडवूच नका. मागचे तीन पेपर घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे फक्त त्याचा साचा लिहा. एनटीएच्या पेपरात तेच ते चार-पाच साचे पुन्हा पुन्हा दिसतील: जोड्या लावा, कालक्रमानुसार लावा, 'केवळ अ आणि क' छापाची विधानं, अभिकथन आणि कारण, आणि उरलेले साधे एकओळी प्रश्न. साधा प्रश्न येतो किंवा येत नाही, त्यात फारशी कारागिरी नाही. बाकीच्या साच्यांत मात्र पर्याय एकमेकांवर अवलंबून असतात. एक गोष्ट ठाम माहीत असेल तर तिच्या जोरावर दोन माहीत नसलेल्या गोष्टी मार्गी लागतात. ते कसं, हे एका प्रश्नावर नीट बघू.

खालचा प्रश्न मीच रचला आहे, कुठल्या पेपरातला नाही. वृत्तपत्र आणि ते सुरू करणारी व्यक्ती अशा जोड्या लावायच्या आहेत.

अ. दर्पण
ब. दीनबंधु
क. सुधारक
ड. मूकनायक

१. गोपाळ गणेश आगरकर
२. डॉ. बाबासाहेब आंबेडकर
३. बाळशास्त्री जांभेकर
४. कृष्णराव भालेकर

पर्याय:
(१) अ-३, ब-४, क-१, ड-२
(२) अ-३, ब-१, क-४, ड-२
(३) अ-४, ब-३, क-१, ड-२
(४) अ-३, ब-२, क-१, ड-४

आपल्यातले बहुतेक जण पहिल्या ओळीपासून सुरू करतात, 'दीनबंधु'पाशी अडकतात आणि तिथेच मिनिटभर डोकं खाजवत बसतात. आता उलट करून बघा. यादीकडे नाही, पर्यायांकडे आधी बघा, आणि आडवं नाही, उभं वाचा. 'अ'च्या रांगेत ३, ३, ४, ३. 'ब'च्या रांगेत ४, १, ३, २. 'क'च्या रांगेत १, ४, १, १. 'ड'च्या रांगेत २, २, २, ४. यावरून एक गोष्ट लगेच कळते. 'ब' माहीत असेल तर एकट्या 'ब'वर उत्तर संपलं, कारण तिथे चारही पर्याय वेगळे आहेत. पण 'ब' नेमकं तेच आहे जे आपल्याला माहीत नाही.

हरकत नाही. 'दर्पण' जांभेकरांचं, हे शाळेपासून पाठ आहे. त्यावर तिसरा पर्याय गेला. 'मूकनायक' बाबासाहेबांचं, चौथा गेला. उरले पहिला आणि दुसरा, आणि त्या दोघांत फरक एवढाच की आगरकरांचं 'सुधारक' की 'दीनबंधु'. 'केसरी'तून बाहेर पडल्यावर आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं, हे कुठेतरी वाचलेलं असतंच. दुसरा गेला. उत्तर (१). भालेकरांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असलं तरी गुण मिळाला. (१८७७ मध्ये पुण्यात सुरू झालेलं 'दीनबंधु' हे सत्यशोधक चळवळीचं मुखपत्र होतं. हे वृत्तपत्रविद्येच्या मुलांनाही अनेकदा ठाऊक नसतं, ती गोष्ट वेगळी आणि वाईट.)

इथे तीन माहीत असलेल्या गोष्टींनी प्रत्येकी बरोबर एकेक पर्याय खोडला. हा योगायोग नाही. हा प्रश्न रचताना मी आधी खरं उत्तर लिहिलं आणि मग त्यात दोन-दोन आकडे आपसात बदलून बाकीचे तीन पर्याय तयार केले. दुसऱ्यात 'ब' आणि 'क' बदलले, तिसऱ्यात 'अ' आणि 'ब', चौथ्यात 'ब' आणि 'ड'. प्रत्येक वेळी 'ब'ला हात लावला, कारण तेच अवघड होतं. घाईत पेपर काढणारा प्राध्यापक सहसा असंच करतो. त्याचा परिणाम असा की खोटे पर्याय खऱ्या पर्यायासारखे दिसतात, पण एकमेकांसारखे फारसे दिसत नाहीत. खरा पर्याय मधोमध बसतो. उभ्या रांगांत जे आकडे सगळ्यात जास्त वेळा येतात (अ-३, क-१, ड-२) ते सगळे एकत्र फक्त पहिल्याच पर्यायात आहेत. म्हणजे वृत्तपत्रांबद्दल काहीही माहिती नसलेला माणूससुद्धा फक्त आकडे मोजून (१)पर्यंत पोचला असता.

परीक्षाशास्त्रात याला 'टेस्ट-वाइजनेस' म्हणतात. १९६५ मध्ये मिलमन, बिशप आणि एबेल या अमेरिकी अभ्यासकांनी त्यावर एक निबंध लिहिला होता. परीक्षेच्या रचनेचा आणि साच्याचा उपयोग करून जास्त गुण मिळवण्याची क्षमता, असा त्याचा साधारण अर्थ. विषयाचं ज्ञान हा त्याचा भाग नाही. म्हणजे क्लासवाले ज्याला गुपित म्हणून विकतात ते निदान साठ वर्षं जुनं आहे, आणि पेपर काढणाऱ्यांनाही ते ठाऊक असू शकतं.

आणि ठाऊक असलं की ते काय करतात? आकडे सारखे वाटून टाकतात. 'अ-३' दोन पर्यायांत, 'अ-४' दोन पर्यायांत, असं. म्हणून मोजणीचा उपाय वापरण्याआधी रांगा बघा. तीनास एक असं पारडं झुकलेलं असेल तर मोजणी काहीतरी सांगते. दोनास दोन असेल तर ती मुकी आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. आणि मोजणी एक सांगत असेल आणि तुम्हाला ठामपणे दुसरं माहीत असेल, तर माहितीचं ऐका. मोजणी ही सगळं करून झाल्यावर, दोन पर्याय उरले असताना वापरायची शेवटची गोष्ट आहे. क्लासमध्ये ती पहिली म्हणून शिकवतात, तिथेच घोळ होतो.

कालक्रमाच्या प्रश्नालाही उभ्या वाचनाची हीच पद्धत लागते. चारही पर्यायांत शेवटी 'मूकनायक' (१९२०) असेल तर त्याचं साल आठवत बसण्यात अर्थ नाही, त्याने काहीच खोडलं जात नाही. कुठल्या दोन गोष्टींची अदलाबदल झाली आहे तेवढं शोधायचं. बऱ्याचदा अख्खा प्रश्न 'मुंबई समाचार आधी की दर्पण आधी' एवढाच उरतो. मग साल पाठ नसलं तरी चालतं. 'मुंबई समाचार'ची दोनशे वर्षं २०२२ मध्ये साजरी झाली हे आठवलं की १८२२ मिळालं. 'दर्पण' १८३२चं. अभिकथन आणि कारणाच्या नेहमीच्या साच्यात तर एक उघडी फट असते: दोन्ही चुकीची, असा पर्यायच बऱ्याचदा नसतो. तो नाही याची खात्री करून घ्या, आणि अभिकथन चुकीचं आहे हे पक्कं असेल तर कारण न वाचताही उत्तर मिळतं.

आता बुडवणाऱ्या ट्रिककडे येऊ. 'फक्त', 'सर्व', 'कधीच नाही' असे टोकाचे शब्द दिसले की विधान चूक समजा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. ही तीन विधानं बघा.

अ. धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं.
ब. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही.
क. राज्यसभेचे सर्व सदस्य निवडून येतात.

टोकाचे शब्द तिन्हींत आहेत. ट्रिकप्रमाणे तिन्ही चूक. प्रत्यक्षात पहिली दोन बरोबर आहेत, आणि फक्त तिसरं चूक, कारण राज्यसभेत १२ सदस्य राष्ट्रपतींनी नेमलेले असतात. कायदा, राज्यघटना, गणित, व्याकरण या विषयांत नियम टोकाचेच असतात, तिथे ही ट्रिक उपयोगाची नाही. समाजशास्त्रात किंवा इतिहासात 'सर्व शेतकऱ्यांनी', 'केवळ याच कारणामुळे' असं काही आलं तर संशय घ्यायला जागा आहे. थोडक्यात, शब्द बघून नाही, विषय बघून शंका घ्यायची.

हीच तीन विधानं घेऊन एक गंमत बघू, कारण या लेखाचा खरा मुद्दा तिथे आहे. समजा तुम्हाला 'ब' बरोबर आहे हे माहीत आहे, 'क' चूक आहे हेही माहीत आहे, आणि 'अ'बद्दल काहीच कल्पना नाही. पर्याय असे आहेत: (१) फक्त अ, (२) अ आणि ब, (३) ब आणि क, (४) अ, ब आणि क. 'क' चूक, म्हणून तिसरा आणि चौथा गेला. 'ब' बरोबर, म्हणून पहिला गेला. उत्तर (२). 'अ'कडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही.

आता विधानं तीच ठेवा आणि विचारा: वरीलपैकी किती विधानं बरोबर आहेत? (१) फक्त एक, (२) फक्त दोन, (३) तिन्ही, (४) एकही नाही. 'क' चूक, म्हणून 'तिन्ही' गेलं. 'ब' बरोबर, म्हणून 'एकही नाही' गेलं. उरले एक आणि दोन, आणि इथे गाडी थांबली. 'अ' माहीत असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्ञान तेवढंच, पण आधीच्या साच्यात पूर्ण गुण आणि या साच्यात छापा-काटा.

यूपीएससीने २०२३च्या पूर्वपरीक्षेत नेमकं हेच केलं. जोड्यांच्या काही प्रश्नांत 'किती जोड्या बरोबर' हा प्रकार २०२२ मध्येच दिसला होता. पुढच्या वर्षी तो सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात मोठ्या प्रमाणावर आला आणि नुसत्या एलिमिनेशनवर विसंबलेल्यांची त्या दिवशी पंचाईत झाली. बऱ्याच जणांनी याचं स्वागत केलं: बरं झालं, तुक्के मारणाऱ्यांना चाप बसला. मला हे स्वागत अर्धंच पटतं. आकडे मोजून उत्तर काढणाऱ्याला चाप बसायलाच हवा. पण वरच्या उदाहरणातला विद्यार्थी तुक्का मारत नव्हता. त्याला तीनातल्या दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या आणि त्यातून त्याने तर्काने उत्तर काढलं. नव्या साच्यात त्याची आणि एकच विधान माहीत असलेल्याची जवळपास एकच गत होते. अर्धवट ज्ञानाला अर्धे गुण देण्याची सोय बहुपर्यायी परीक्षेत मुळातच नसते. जुन्या साच्यात ती मागच्या दाराने थोडीफार मिळत होती. ते दार बंद केलं तर पेपर अवघड होतो हे खरं, पण तो ज्ञान जास्त नीट मोजतो का, हा प्रश्न उरतोच. त्याहून गंमत म्हणजे याच पेपरात तुक्का सुटलेला नाही. 'एकही नाही' आणि 'तिन्ही' खोडून मधल्या दोनांतलं एक निवडणं हाच नवा तुक्का झाला आहे.

मग दोनात अडकल्यावर उत्तर द्यायचं की सोडायचं? हे धाडसावर नाही, गुणपद्धतीवर ठरतं, आणि ती प्रत्येक परीक्षेची वेगळी असते. बारा प्रश्न धरा, हिशेब सोपा पडतो. सीयूईटी-पीजीत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकल्यास १ वजा. काहीच माहीत नसताना बाराही डोळे मिटून टिकले तर सरासरी तीन बरोबर येतील, नऊ चूक: १२ वजा ९, म्हणजे ३ गुण हातात. प्रत्येकी दोन पर्याय नीट खोडले असतील तर सहा बरोबर, सहा चूक: २४ वजा ६, म्हणजे १८. यूपीएससीच्या पहिल्या पेपरात २ गुण आणि चुकल्यास त्याच्या एक तृतीयांश वजा. तिथे डोळे मिटून टिकलेल्या बारांचे ६ वजा ६, शून्य. दोन खोडून टिकले तर १२ वजा ४, म्हणजे ८. नेटला निगेटिव्ह मार्किंगच नाही, तिथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण रस्त्यावर टाकणं. तरी दरवर्षी 'निगेटिव्ह असेल म्हणून सोडले' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. माहितीपुस्तिकेतलं गुणांचं पान फॉर्म भरतानाच वाचा, गुणपद्धती बदलूही शकते.

हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: तुम्ही खोडलेले पर्याय खरोखर चुकीचे होते. ते तपासल्याशिवाय सरावाला अर्थ नाही, आणि नेमकं तेच कुणी तपासत नाही. सगळे शेवटचा स्कोअर बघतात. सराव पेपर सोडवताना कच्च्या कागदावर प्रत्येक अडलेल्या प्रश्नासमोर १ २ ३ ४ लिहा आणि खोडलेले आकडे काटा. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत स्क्रीनवर काट मारता येत नाही, तेव्हा कागदावर खोडायची सवय आधीच लागलेली बरी. शेजारी तो का खोडला ते एका अक्षरात लिहा: मा म्हणजे माहिती होती, त म्हणजे तर्क केला, वा म्हणजे नुसतं तसं वाटलं. मग उत्तरतालिका घेऊन बसा आणि फक्त एक गोष्ट मोजा: बरोबर उत्तर तुम्हीच खोडलेल्या पर्यायांमध्ये किती वेळा होतं?

समजा चाळीस प्रश्नांत तुम्ही दोन-दोन पर्याय खोडले, आणि त्यातल्या चौदा वेळा बरोबर उत्तर खोडलेल्यांत सापडलं. उरलेल्या सव्वीस प्रश्नांत दोनातून एक निवडताना सरासरी तेरा बरोबर येणार. चाळीसात तेरा. काहीही न खोडता टिकले असते तर दहा आले असते. म्हणजे एवढी खोडाखोड करून तीनच प्रश्न कमावले. आता त्या चौदांपुढची अक्षरं बघा. बहुतेक 'वा' असतील तर गोष्ट साफ आहे: 'हे नाव कधी ऐकलं नाही, म्हणजे ते चूक असणार' असं तुम्ही धरून चालला आहात. अनोळखी पर्याय खोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण अनोळखी असणं हा तुमच्या वाचनाबद्दलचा पुरावा आहे, पर्यायाबद्दलचा नाही. भालेकर अनोळखी होते आणि बरोबर होते. बरेचदा 'त' येत असेल, तर तर्क ज्या माहितीवर उभा होता ती कच्ची आहे, तो धडा पुन्हा वाचायचा. 'मा' असूनही चुकलं असेल तर सगळ्यात गंभीर, कारण चुकीची गोष्ट पक्की पाठ झाली आहे.

अशी दोन-तीन पेपरांची नोंद झाली की तुमचा स्वतःचा नियम तयार होतो. 'मा' आणि 'त'च्या जोरावर दोनात आलो तर टिकायचं, 'वा'च्या जोरावर आलो तर चारही पर्याय परत जिवंत धरायचे. हा नियम माझा तुम्हाला चालणार नाही, कारण तो तुमच्या चुकांवरून येतो.

हे सगळं कॉलेजात करायला काय हरकत आहे? एनटीए आणि यूपीएससी जुने पेपर आपापल्या संकेतस्थळांवर ठेवतात, पैसे पडत नाहीत. प्रत्येक विभागाने तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन तास बसवून एक पेपर साच्यांत मोडून दाखवला, आणि आणखी दोन तास मुलांकडूनच 'जोड्या लावा'चे पाच प्रश्न रचून घेतले, तर पुरे. रचताना हात आपोआप कुठे जातो, अवघड नावाला कसं पुन्हा पुन्हा फिरवलं जातं, हे एकदा स्वतः करून बघितलं की पुढचा पेपर वेगळ्या डोळ्यांनी वाचला जातो. तालुक्याच्या कॉलेजातल्या ज्या मुलाला पुण्यात खोली घेऊन क्लास लावणं परवडत नाही, त्याला हे चार तास तरी मिळायला हवेत. सध्या ते फी भरणाऱ्यालाच मिळतात.